अकरा दिवसांची उधारी

साधारण जून उजाडला, की आपल्याकडे एक वाक्य हवेत फिरू लागतं. "यंदा गणपती लवकर आहेत." बोलणाऱ्याच्या सुरात थोडी तक्रार असते, जणू बाप्पांनी कुणालाही न विचारता तिकीट अलीकडच्या तारखेचं काढलं. पुढच्याच वर्षी तीच व्यक्ती त्याच सुरात म्हणते, "यंदा फार उशिरा आहेत हो." गणपती वेळेवर आल्याचं मी कुणाच्या तोंडून आजवर ऐकलेलं नाही.

बिचारा दरवर्षी भाद्रपद शुद्ध चतुर्थीलाच येतो. त्याच्या बाजूने पाहिलं तर सरकतो तो सप्टेंबर. पण आपल्या रजा, पगार, शाळेच्या परीक्षा आणि कोकण रेल्वेचं आरक्षण ही सगळी मंडळी इंग्रजी तारखेच्या पक्षात असल्यामुळे सरकण्याचा ठपका कायम गणपतीवर येतो. रेल्वेचं आरक्षण आता साठ दिवस आधी उघडतं. त्यामुळे चाकरमान्याला गणपतीची तारीख ठाऊक असून भागत नाही, तिच्या साठ दिवस मागची सकाळही ठाऊक असावी लागते. एवढं गणित जमणाऱ्या माणसाला पुढचं गणित मुळीच अवघड नाही. एक पेन्सिल घ्या, आणि दुधाचा हिशेब संपला असेल तर भिंतीवरच्या कालनिर्णयाची मागची बाजू घ्या.

एका अमावास्येपासून पुढच्या अमावास्येपर्यंत सरासरी साडेएकोणतीस दिवस जातात. अगदी काटेकोर सांगायचं तर २९.५३. याला बाराने गुणलं की ३५४ दिवस आणि वर थोडं येतं. हे चंद्राचं वर्ष. सूर्याचं वर्ष ३६५ दिवसांचं आणि वर पाव दिवस. वजाबाकी करा, जवळजवळ अकरा उरतात. चंद्राचे बारा महिने संपतात तेव्हा सूर्याची फेरी अजून अकरा दिवस बाकी असते, आणि आपल्या खिशातलं इंग्रजी कॅलेंडर सूर्याच्या बाजूने चालत असल्यामुळे त्या कॅलेंडरवर चंद्राचा प्रत्येक सण पुढच्या वर्षी अकरा दिवस अलीकडे दिसतो.

करून पाहू. २०२४ साली गणेश चतुर्थी ७ सप्टेंबरला होती. अकरा वजा केले की २७ ऑगस्ट. २०२५ ची चतुर्थी २७ ऑगस्टलाच होती. आता उलट दिशेने, २०२३ ची १९ सप्टेंबर. त्यातून अकरा वजा केले की ८ सप्टेंबर येते, पण २०२४ मध्ये आरास ७ लाच लागली. चूक आपली नाही. २०२४ हे लीप वर्ष, मधे २९ फेब्रुवारी घुसलेला, म्हणून तिथे बारा वजा करायचे. या नियमात एखाद्या दिवसाची मागेपुढे शक्यता एरवीही ठेवावी लागते, कारण तिथी ही चोवीस तासांची नसते. चंद्र सूर्यापासून बारा अंश पुढे सरकला की एक तिथी संपते. चंद्र कधी वेगात असतो, कधी रेंगाळतो, त्यामुळे एखादी तिथी वीस तासांत आटोपते, तर एखादी सव्वीस तासांच्याही पुढे जाते. गणेश चतुर्थीसाठी माध्यान्हीला चतुर्थी असावी लागते. ती कोणत्या दिवसाच्या दुपारी सापडते, यावर शेवटचा एक दिवस इकडचा तिकडे होतो. तेवढा दिवस पंचांगकर्त्यांना सोडून द्यावा, त्यांनाही काही काम हवं.

हे असंच चाललं तर काय होईल, ते पेन्सिल हातात असताना बघायला हरकत नाही. २७ ऑगस्टमधून अकरा काढले की १६ ऑगस्ट, मग ५ ऑगस्ट, मग जुलै. आणखी काही वर्षांनी भाद्रपद जूनमध्ये येईल, शाडूच्या मूर्ती वाळायच्या आत पाऊस सुरू होईल, आणि चौदा-पंधरा वर्षांत दिवाळीची आंघोळ मे महिन्यात गार पाण्याने करावी लागेल. लहानपणी असा विचार मला फार आकर्षक वाटायचा, कारण अभ्यंगस्नानाच्या पहाटेची थंडी तेव्हा पडत असे. पण आपल्या सणांना शेत चिकटलेलं आहे. पोळ्याला बैलाचं काम हलकं झालेलं असावं लागतं, दसऱ्याला झेंडू फुललेला असावा लागतो, संक्रांतीला गाजर आणि हरभऱ्याचे घाटे यावे लागतात. त्यांना ऋतू सोडून भटकायची परवानगी नाही.

म्हणून आपल्या पंचांगाने ही अकरा दिवसांची उधारी वहीत मांडून ठेवायची पद्धत काढली. पहिल्या वर्षी अकरा दिवस थकले, दुसऱ्या वर्षी बावीस, तिसऱ्या वर्षी तेहतीस व्हायच्या आत थकबाकी एका पूर्ण चांद्रमासाइतकी होते. मग एक अख्खा महिना जास्तीचा घालायचा आणि वही कोरी करायची. हा अधिकमास. किती दिवसांनी घालायचा, तेही भागाकाराने निघतं. २९.५३ ला वर्षाच्या १०.९ ने भागा. उत्तर २.७ वर्षांच्या आसपास, म्हणजे सुमारे साडेबत्तीस महिने. ज्या घरात जावई आहे, त्या घरात हे गणित न करता पाठ असतं, कारण धोंड्याच्या महिन्यात जावयाला अनारसे द्यायचे असतात आणि ते मोजून तेहतीस असतात. तेहतीस का, याचं उत्तर पुराणात बघावं की भागाकारात, हा निर्णय मी सासऱ्यांवर सोडतो. त्यांचा त्यात थेट आर्थिक संबंध आहे.

तारखेच्या नियमात आता दुसरा भाग आला. एरवी अकरा वजा करा. मागच्या गणपतीनंतर आणि या गणपतीआधी कुठे अधिकमास येऊन गेला असेल, तर अकरा वजा करून तीस मिळवा, म्हणजे सरळ एकोणीस मिळवा. २०२२ ची चतुर्थी ३१ ऑगस्टची. २०२३ मध्ये अधिक श्रावण होता. ३१ ऑगस्टच्या पुढे एकोणीस दिवस मोजले की १९ सप्टेंबर, आणि तीच तारीख होती. २०२५ च्या २७ ऑगस्टच्या पुढे २०२६ मध्ये अधिक ज्येष्ठ. एकोणीस मिळवून १५ सप्टेंबर येते, पंचांग १४ म्हणतं. तो आपला मागेपुढे होणारा एक दिवस. पुढचं तुम्ही करा. २०२६ ची १४ सप्टेंबर धरून २०२७, २०२८ आणि २०२९ च्या तारखा काढा. २०२८ लीप वर्ष आहे आणि २०२९ मध्ये अधिक चैत्र आहे, एवढीच मदत. तुमची उत्तरं ३ सप्टेंबर, २३ ऑगस्ट आणि ११ सप्टेंबर यांच्या एका दिवसाच्या परिघात असतील, तर वजाबाकी आणि बेरीज दोन्ही ठीक आहेत. २०२७ ला पंचांग ४ सप्टेंबर म्हणतं, म्हणून त्या वर्षीची सुट्टी एक दिवस आधी टाकू नका.

अधिकमास कुठे घातला आहे, हे मात्र पाहावंच लागतं. २०२० साली तो अश्विनाच्या आधी आला. गणपती तोवर येऊन गेले होते, २२ ऑगस्टलाच, चांगले लवकर. पितृपक्ष १७ सप्टेंबरला संपला आणि दुसऱ्या दिवशी घट बसायचे, तर ते बसले थेट १७ ऑक्टोबरला. मधे अख्खा अधिक अश्विन. त्यामुळे त्या एकाच वर्षी गणपती लवकर आणि दिवाळी उशिरा, असा प्रकार झाला. एरवी चतुर्थी ते लक्ष्मीपूजन पंचावन्न दिवसांच्या आसपास अंतर असतं, त्या वर्षी २२ ऑगस्ट ते १४ नोव्हेंबर चौऱ्याऐंशी दिवस भरलं. एकोणीसची उडी दिवाळीने २०२० मध्ये मारली, गणपतीने ती २०२१ मध्ये मारली. हिशेब एकच, उधारी फेडायचा काउंटर दोघांच्या मधोमध होता.

अधिकमास कुणी सोयीने ठरवतो, असा एक समज आहे. ठरवतो तो सूर्य. सूर्य एका राशीतून दुसऱ्या राशीत जातो ती संक्रांत, आणि साधारणपणे प्रत्येक चांद्रमासात एक संक्रांत सापडते. ज्या महिन्यात ती सापडत नाही, तो अधिक. २०२३ चं उदाहरण बघा. सूर्य कर्क राशीत शिरला १७ जुलैच्या पहाटे, आणि तिथून सिंहेत गेला १७ ऑगस्टच्या दुपारी. मुक्काम एकतीस दिवसांहून थोडा जास्त. याच मुक्कामात एक अमावास्या १७ जुलैच्या मध्यरात्री संपली आणि पुढची १६ ऑगस्टच्या दुपारी. म्हणजे चंद्राचा एक पूर्ण महिना सूर्याच्या कर्केतल्या मुक्कामात आत आला आणि आतच संपला. सूर्याने घर बदललंच नाही. त्या महिन्याला संक्रांत नाही, म्हणून स्वतःचं नावही नाही. पुढच्या श्रावणाचं नाव उसनं घेऊन तो अधिक श्रावण झाला.

उन्हाळ्यापावसाळ्याच्या दिवसांत हे जास्त घडतं, कारण जुलैच्या सुरुवातीला पृथ्वी सूर्यापासून सर्वांत लांब असते आणि मंद चालते. त्या दिवसांत सूर्याचा प्रत्येक राशीतला मुक्काम एकतीस दिवसांच्या वर जातो, साडेएकोणतीस दिवसांच्या महिन्याला आत मावायला जागा मिळते. डिसेंबर-जानेवारीत मुक्काम जेमतेम साडेएकोणतीस दिवसांचा असतो. म्हणून अधिक ज्येष्ठ, अधिक आषाढ, अधिक श्रावण यांची नावं ओळखीची आणि अधिक पौषाचं नाव कुणी ऐकलेलं नसतं.

आता यातली एक गंमत. सूर्य राशीत कधी शिरला हे ठरवायला रास कुठून मोजायची, ते आधी ठरवावं लागतं, आणि आकाशात कुणी खडूने रेघ मारलेली नाही. बहुतेक पंचांगं जिथून मोजतात, त्यापेक्षा टिळक पंचांगाचा आरंभबिंदू सुमारे चार अंश वेगळा आहे. सूर्य दिवसाला जेमतेम एक अंश चालतो, म्हणून त्यांच्या संक्रांती चार दिवस आधी होतात. एरवी त्याने सणाला धक्का लागत नाही, कारण तिथी दोन्हीकडे तीच असते. धक्का लागतो तो अधिकमासाला. २०२३ मध्ये त्या चार दिवसांच्या फरकाने सिंह संक्रांत १६ ऑगस्टच्या अमावास्येच्या अलीकडे आली आणि त्यांच्या हिशेबाने तो श्रावण अधिक राहिलाच नाही. तो नेहमीचा श्रावण. त्यापुढचा भाद्रपद. म्हणून टिळक पंचांग मानणाऱ्या घरांत २०२३ ची गणेश चतुर्थी २० ऑगस्टला होती, शेजाऱ्यांच्या बरोबर एक महिना आधी. अशा घरातल्या मुलाला शाळेत रजेचा अर्ज लिहिताना काय वाटलं असेल, याचा विचार मी अधूनमधून करतो. शेजारी मात्र मनातून खूश असतात. मोदक दोनदा मिळतात.

उधारीची फेड कितपत नेटकी आहे, ते तपासायला एकोणीस वर्षं घ्या. एकोणीस गुणिले १०.९ म्हणजे सुमारे २०७ दिवस थकले. सात अधिकमास, सात गुणिले २९.५३ म्हणजे २०६.७ दिवस फेडले. जवळजवळ पै न पै. म्हणूनच २००६ ची गणेश चतुर्थीही २७ ऑगस्टलाच होती आणि २००५ ची ७ सप्टेंबरला. अलिबागकडच्या बेने इस्रायल मंडळींच्या ज्यू कॅलेंडरमध्येही एकोणीस वर्षांत सात जादा महिने असतात, फक्त ते कोणत्या वर्षी घालायचे हे त्यांनी कायमचं नेमून ठेवलं आहे. घरच्या घरी तपासायचं तर वाढदिवस आहेतच. तुमचा एकोणिसावा, अडतिसावा आणि सत्तावन्नावा वाढदिवस तारखेने आणि तिथीने एकाच दिवशी, फार तर एका दिवसाच्या फरकाने येतो. घरात तिथीने ओवाळायचं की तारखेने केक कापायचा हा वाद असेल, तर त्या वर्षी तो आपोआप मिटतो. बाकी अठरा वर्षं आहेतच.

या पार्श्वभूमीवर ईदकडे पाहावं. हिजरी वर्षही चंद्राचंच, तेच ३५४ दिवसांचं, आणि तीच अकरा दिवसांची तफावत. फरक इतकाच की तिथे जादा महिना नाही. अरबस्तानात पूर्वी असा महिना घालण्याची चाल होती, ती इस्लामने बंद केली. उधारी फेडायची नाहीच, असं ठरलं की हिशेब फार सोपा होतो. रमजान ईद भारतात २०२३ ला २२ एप्रिल, २०२४ ला ११ एप्रिल, २०२५ ला ३१ मार्च आणि २०२६ ला २१ मार्च. अकरा, अकरा, दहा. ती सरकत सरकत सगळ्या ऋतूंतून जाते, आणि रोजे ठेवणारा माणूस एका आयुष्यात मे महिन्याचे लांब दिवस आणि डिसेंबरचे आखूड दिवस, दोन्ही पाहून घेतो. आणखी एक हिशेब इथे बसतो. पासष्ट वर्षांचा माणूस घ्या. पासष्ट गुणिले १०.९ म्हणजे ७०८ दिवस. ३५४ ने भागा, नेमके दोन. इंग्रजी कॅलेंडरवर पासष्ट पुरे करणारा माणूस हिजरी सनाने सदुसष्टचा झालेला असतो. पेन्शनचे कागद कुणी हिजरीत भरत नाही, हे एक बरं आहे.

या दोन्ही हिशेबांची गाठ मुंबईत नुकतीच पडली, आणि लागोपाठ तीनदा पडली. २०२३ साली अनंत चतुर्दशी आणि ईद-ए-मिलाद एकाच दिवशी आल्या, २८ सप्टेंबरला. विसर्जनाच्या गर्दीत दुसरी मिरवणूक नको म्हणून मुस्लिम संघटनांनी आपली मिरवणूक दुसऱ्या दिवशी, २९ तारखेला काढायचं ठरवलं आणि सरकारने त्या दिवशी सुट्टी दिली. २०२४ ला ईद १६ सप्टेंबरची आणि चतुर्दशी १७ ची. मिरवणूक आणि मुंबईतली सुट्टी १८ वर गेली. २०२५ ला ईद ५ सप्टेंबरची, चतुर्दशी ६ ची, आणि मुंबईची सुट्टी ८ वर गेली. वर्तमानपत्रांनी दरवर्षी हा योगायोग असल्याचं लिहिलं. पहिल्या वर्षी तो योगायोग म्हणता येईल. पुढच्या दोन वर्षांत त्याला योगायोग म्हणणं म्हणजे एकाच लोकलने निघालेल्या दोघांनी दादरला एकमेकांना पाहून चकित होण्यासारखं आहे.

कारण दोघांचा चंद्र एकच आहे. ईद-ए-मिलाद रबी-उल-अव्वल महिन्याच्या १२ तारखेला. हिजरी महिना अमावास्येनंतर चंद्रकोर दिसली की सुरू होतो, म्हणजे आपल्या प्रतिपदेपेक्षा एखाददुसरा दिवस उशिरा. बारामध्ये तो एखाददुसरा दिवस मिळवा, आपली त्रयोदशी किंवा चतुर्दशी येते. म्हणजे ज्या वर्षी रबी-उल-अव्वल आणि भाद्रपद हे आकाशातले एकच महिने असतील, त्या वर्षी हे दोन दिवस एकमेकांना खेटून येणारच. पुढच्या वर्षी भाद्रपद अकरा दिवस मागे जातो, रबी-उल-अव्वलही अकरा दिवस मागे जातो. सोबत सुटत नाही. ती सुटते कधी? आपण उधारी फेडतो तेव्हा. आपला अधिकमास येतो, भाद्रपद एक महिना पुढे ढकलला जातो, आणि ईद तिच्या वाटेने मागे जात राहते.

२०२३ च्या अधिक श्रावणाने भाद्रपदाला रबी-उल-अव्वलच्या शेजारी आणून बसवलं. २०२४ आणि २०२५ मध्ये अधिकमास नव्हता, म्हणून जोडी टिकली. २०२६ च्या अधिक ज्येष्ठाने ती मोडली. त्या वर्षी अनंत चतुर्दशी २५ सप्टेंबरला आणि ईद-ए-मिलाद सुमारे महिनाभर आधी, ऑगस्टच्या शेवटच्या आठवड्यात. पोलीस बंदोबस्ताच्या फायली आता वेगवेगळ्या ठेवता येतात.

पुन्हा गाठ कधी पडेल, हे काढणं आता अगदी हातचं आहे. प्रत्येक अधिकमासाला दोघांमध्ये एक महिन्याचं अंतर वाढतं. बारा महिन्यांचं अंतर झालं की ईद एक पूर्ण फेरी मारून परत भाद्रपदाला भेटते. म्हणजे बारा अधिकमास हवेत. बारा गुणिले साडेबत्तीस म्हणजे ३९० महिने, म्हणजे साडेबत्तीस वर्षं. २०२३ मध्ये ती मिळवली की २०५५-५६ च्या सुमारास हेच सगळं पुन्हा. मागे जाऊन उत्तर तपासता येतं. २०२३ मधून साडेबत्तीस वजा केली की १९९०-९१ येतं. १९९१ च्या अधिक वैशाखापासून १९९३ च्या अधिक भाद्रपदापर्यंत, म्हणजे १९९१ आणि १९९२ या वर्षी हे दोन महिने खरोखरच जोडीने होते, आणि मधल्या काळातले अधिकमास मोजलेत तर २०२३ चा धरून बरोबर बारा भरतात. त्या वेळी दोनच वर्षं आणि या वेळी तीन, कारण अधिकमास कधी अठ्ठावीस महिन्यांनी येतो, कधी चौतीस-पस्तीस महिन्यांनी. साडेबत्तीस ही सरासरी आहे, आणि सरासरीला आयुष्यात कुणी भेटलेलं नाही.

चंद्राचे सण असे पळतात आणि संक्रांत मात्र चौदा जानेवारीला खिळलेली, अशी आपली समजूत असते. ती चंद्राला मानत नाही हे खरं. सूर्य मकरेत शिरला की संक्रांत, तिथी काहीही असो. पण खिळलेली तीही नाही. सूर्याची ताऱ्यांच्या संदर्भातली एक फेरी ३६५ दिवस, ६ तास आणि सुमारे ९ मिनिटांची असते. म्हणून संक्रमणाची वेळ दरवर्षी सहा तास नऊ मिनिटांनी पुढे जाते, आणि लीप वर्ष आलं की पुढच्या वेळी चोवीस तास मागे येते. २०२४ ला हे संक्रमण १५ जानेवारीच्या पहाटे तीनच्या सुमारास झालं. २०२४ लीप, म्हणून २०२५ ला ते १४ जानेवारीच्या सकाळी नऊला. २०२६ ला १४ च्या दुपारी सव्वातीनला. २०२७ चं तुम्हीच काढा. रात्री सव्वानवाच्या पुढे येईल, आणि सूर्यास्तानंतर संक्रमण झालं की पुण्यकाळ दुसऱ्या दिवसाचा. म्हणून २०२७ ची संक्रांत १५ जानेवारीला.

सहा तासांचा हिशेब लीप वर्ष चुकता करतं. वरची नऊ मिनिटं मात्र कुणीच फेडत नाही. शिवाय इंग्रजी कॅलेंडर दर चारशे वर्षांत तीन लीप दिवस गाळतं, त्याचीही भर पडते. सगळं धरून वर्षाला सुमारे वीस मिनिटांची थकबाकी उरते. चोवीस तासांना वीस मिनिटांनी भागा, बहात्तर येतात. म्हणजे साधारण बहात्तर वर्षांत संक्रांत एक दिवस पुढे जाते. स्वामी विवेकानंदांचा जन्म मकरसंक्रांतीचा, आणि तारीख १२ जानेवारी १८६३. दोन्ही बरोबर आहेत. तेव्हा संक्रांत बारालाच होती.

याच भागाकाराने एक जुना समजही तपासता येतो. पानिपतची लढाई १४ जानेवारी १७६१ ची, त्यामुळे ती ऐन संक्रांतीला झाली असं पुष्कळांच्या मनात पक्कं बसलेलं आहे. २०२४ मधून १७६१ वजा केले की २६३ वर्षं. बहात्तरने भागले की साडेतीनच्या पुढे, म्हणजे चारेक दिवस. १४-१५ मधून चार काढा. त्या वर्षी संक्रांत १० जानेवारीच्या आसपास होऊन गेली होती. लढाईचा दिवस पौष शुद्ध अष्टमीचा, साधा बुधवार. भाऊसाहेबांच्या छावणीला त्या दिवशी कुठलाही सण नव्हता. आपण तो नंतर, आपल्या कॅलेंडरवरून, त्यांच्या गळ्यात घातला.

हीच वीस मिनिटं सगळ्या राशींना आणि म्हणून भाद्रपदालाही लागू आहेत. बहात्तर गुणिले तीस केलं तर २१६० वर्षांनी गणपती आजच्यापेक्षा सरासरी एक महिना उशिरा येतील, ऑक्टोबरच्या उन्हात. तेव्हाच्या लोकांनी मांडवात पंख्यांची सोय बघावी. आपल्याकडचं काम जवळचं आहे. २०२७ ची चतुर्थी ४ सप्टेंबरला, शनिवारी, आणि कोकणात आदल्या दिवशी पोहोचायचं तर साठ दिवस मागे मोजून ५ जुलैच्या सकाळी आरक्षणाच्या रांगेत उभं राहायला हवं.